संगम रद्द

पहिली उत्तरतालिका आली त्या रात्री मला कळलं, की वेण्णा नदी कराडला कृष्णेला मिळते. मी साताऱ्याचा. माहुलीचा संगम घरापासून सायकलवर पंधरा मिनिटं. कराडला मिळते ती कोयना, हे आमच्याकडे दुसरीतलं पोरगंही सांगेल. पण आयोगानं पर्याय दोन, कराड, बरोबर धरला होता.

प्रश्न एका गुणाचा, चुकीला पाव गुण वजा. म्हणजे बरोबर लिहून मी सव्वा गुणानं मागे. सव्वा गुणात निम्मा तालुका पुढं निघून जातो.

हरकतीला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे प्रमाणित पुस्तकाचं पान. गाईड चालत नाही, क्लासच्या नोट्स चालत नाहीत. नदी तर अजिबात चालत नाही. आज्जी म्हणाली, "त्यास्नी लिहून कळव, तुझ्या आजोबांच्या अस्थी तिथंच सोडल्यात." मी विचारलं, "पान नंबर?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलेना.

वाचनालयात 1885 चं सातारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर मिळालं. त्यात माहुली होती, संगम होता, पण साहेबानं वेण्णेला 'येन्ना' करून ठेवलेलं. आता आयोग म्हणणार, ही बाई वेगळी. म्हणून कॉलेजच्या भूगोलाच्या पुस्तकातलं 'वेण्णा' लिहिलेलं पान शोधलं आणि दोन्ही पुस्तकांची मुखपृष्ठं, दोन्ही पानं, संगमाच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ, असं सगळं स्कॅन केलं. फाईल मर्यादेबाहेर गेली. नेट कॅफेवाल्या दादानं ती इतकी दाबली, की कृष्णा, वेण्णा आणि कागदावरचा चहाचा डाग यांचाही संगम झाला.

पुन्हा स्कॅन. मग अर्जात प्रश्नक्रमांक. माझा संच 'सी', प्रश्न 37. मी 37 टाकला. 'जमा करा'वर बोट नेताना दादा म्हणाला, "भावा, इथं 'ए' संचाचा नंबर मागितलाय." 'ए' संचात 37 वा प्रश्न बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, हा होता. थोडक्यात वाचलो. नाहीतर इंग्रज साहेबाच्या साक्षीनं मी बेडकाच्या हृदयातून वेण्णा वाहवली असती.

शुल्क शंभर रुपये. खात्यातून गेले, पावती आली नाही. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. मुदत संपायला चाळीस मिनिटं उरली होती आणि पावतीशिवाय हरकत धरत नाहीत. पुन्हा भरले तर दोनशे जातील, न भरले तर वेण्णा जाईल. मी पुन्हा भरले. पावती आल्याबरोबर छापून घेतली आणि दादानं न सांगता लॅमिनेटही केली. त्याचे वीस वेगळे.

महिन्यानं अंतिम उत्तरतालिका आली. प्रश्नासमोर लिहिलं होतं, 'रद्द'. माझा वजा पाव परत आला, एक गुण मात्र गेला. कराड लिहिणारे आणि माहुली लिहिणारे एकाच रांगेत.

आज्जीला सांगायला गेलो. ती परड्यात शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "संगम रद्द? मग आता वेण्णा कुठं जायची म्हणत्यात?"