'अकराची अपॉइंटमेंट' म्हणजे सुटका किती वाजता?

डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते, दादरला. फोनवर पेशंटला काय सांगितलं जातं ते दिवसभर कानावर पडतं, म्हणून हे लिहितेय. "अकराला या." संपलं. माणूस अकराला येतो, पण सुटणार कधी हे त्याला कुणीच सांगत नाही. विचारलंच तर उत्तर येतं, "डॉक्टरांचं दहा मिनिटांचं काम आहे." डॉक्टरांचं दहा मिनिटांचंच असतं, पेशंटचं नाही!

बदलापूरहून एक काकू काकांना घेऊन आल्या. काकांना बऱ्याच वर्षांचा डायबेटिस, पडद्याची तपासणी करायची होती. त्यांना पाऊण वाजता दादरहून गाडी पकडायची होती, कारण नात अडीचला शाळेतून सुटते. अकराला आले. केसपेपर, नजर आणि चष्म्याचा नंबर यात साडेअकरा झाले. हे सगळं बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांच्या आधीच करावं लागतं, कारण थेंबांनंतर नंबर नीट तपासता येत नाही. मग डोळ्याचं प्रेशर, आणि डोळ्याच्या आतलं पाणी जिथून निचरतं तो कोन अरुंद नाही ना हे पाहणं. तो अरुंद असेल तर थेंबांनी प्रेशर एकदम चढू शकतं, त्यामुळे इथे घाई करत नाहीत. पावणेबाराला पहिला थेंब.

या थेंबांनी बाहुली मोठी व्हायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात, पण आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांना जरा जास्तच. डायबेटिस जुना असेल तर बाहुली हट्टाने लहानच राहते. काकांना दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीनदा थेंब घातले. साडेबाराला मी टॉर्च मारून पाहिलं, तरी पुरेशी उघडली नव्हती. डॉक्टरांनी पडदा पाहिला तेव्हा एक वाजला होता, बाहेर पडायला सव्वा. काकू शेवटचा अर्धा तास शेजारणीला फोन लावत होत्या आणि ती उचलत नव्हती.

यात कुणी कामचुकारपणा केला नव्हता. तपासणीला लागायचा तेवढाच वेळ लागला. फक्त तो आधीच ठाऊक असूनही कुणी तोंडातून काढला नाही. "सव्वा-दीडपर्यंत मोकळे व्हाल" एवढं सोमवारी फोनवर वेळ घेतानाच कळलं असतं, तर काकूंनी शेजारणीला तेव्हाच सांगून ठेवलं असतं किंवा सकाळी नऊची वेळ मागितली असती.

दवाखान्यातून निघालं की प्रकरण संपतं असंही नाही. पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांत घुसतं. म्हणून काय सांगायचं, तर तीन गोष्टी: दवाखान्यात किती वेळ, त्यानंतर किती वेळ डोळे कामाचे नाहीत, आणि सोबत कुणी हवं का. काउंटरवर रोज एक दृश्य असतं. थेंब घातलेला माणूस पैसे द्यायला मोबाइल हात लांब करून धरतो आणि रक्कम बरोबर आहे का हे मलाच विचारतो. बिल थेंबांच्या आधी घ्या, असं मी कधीची सांगतेय. दुपारी ऑफिसात एक्सेल उघडायचं ठरवून आलेला माणूस तर हमखास फसतो. स्कूटरवर येणाऱ्याला निदान आदल्या दिवशी तरी कळायला हवं की ती आज घरीच ठेवायची.

"दोन तास सांगितले तर पेशंट येणारच नाही," अशी भीती आमच्याकडेही आहे. मला ती पटत नाही. मुंबईत माणूस दोन तास काढतो, पण कुठले दोन तास ते त्याला आधी हवं असतं. हो, मध्येच डोळ्याला मार लागलेलं पोर आलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून एकच आकडा न सांगता "दीड ते अडीच तास" सांगावं, आणि त्यातला मोठा आकडा खरा धरायला सांगावा. लवकर सुटलो म्हणून कुणी भांडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. फोनवरच "डायबेटिस आहे का?" आणि "आधी कधी थेंब घातलेत का?" विचारलं तर अंदाज बराच नेमका होतो. नुसतं प्रेशर तपासायचं असेल, तर पाऊण तास म्हणून मोकळं व्हावं.

लहान मुलांचा हिशोब वेगळा. त्यांचा नंबर काढायला बऱ्याचदा जास्त टिकणारे थेंब वापरतात. त्यांचा असर पुरता उतरायला दुसरा दिवस उजाडतो, आणि ॲट्रोपिन दिलं असेल तर आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त वेळ जवळचं धूसर राहू शकतं. युनिट टेस्टच्या आदल्या संध्याकाळी मुलाला घेऊन येणारे आईबाबा दर वर्षी भेटतात. तुमच्या दवाखान्याने आपणहून सांगितलं नाही, तर वेळ घेतानाच विचारा: थेंब घालणार का, कुठले, आणि पुस्तक कधी वाचता येईल?