बस लो-फ्लोअर, पण थांब्याचं काय?

“सांगलीत ई-बस आल्या की प्रश्न मिटला. बस लो-फ्लोअर असणार, फुटपाथवर पिवळ्या टाइल्स आहेतच, स्टँडला रॅम्प आहे. आणखी काय पाहिजे? तसंही व्हीलचेअरवाले बसने जातात किती? आणि हे तपासणं इंजिनिअरचं काम आहे, टेप घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांचं नाही.”

असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं तर सुरुवात बसपासून करू. ‘लो-फ्लोअर’ म्हणजे दिसायला बुटकी बस नव्हे. तिच्या फरशीची जमिनीपासूनची उंची साधारण 400 मिलिमीटर असते. सेमी-लो-फ्लोअरची 650 असते आणि नेहमीच्या बसची 900 च्या आसपास. सेमी-लो-फ्लोअर बसमध्ये नुसती फळी टाकून व्हीलचेअर चढवता येत नाही, तिथे यांत्रिक लिफ्ट लागते. त्यामुळे बस येण्याआधीच निविदेत फरशीची उंची किती लिहिली आहे ते विचारायला हवं. ‘ई-बस’ या शब्दातून उंची कळत नाही.

आता समजा, खरीच 400 ची बस आली. सांगली-मिरज रस्त्यावरचा एखादा थांबा घ्या. फुटपाथ 150 मिलिमीटर उंच आहे, आपल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तीच कमाल उंची आहे. बस फुटपाथला खेटून उभी राहिली तर 250 चा फरक उरतो. बसची फळी साधारण एक मीटरची धरली तर चढ एकास चार होतो, म्हणजे चार मीटर पुढे जाताना एक मीटर वर. बसला एका बाजूला झुकण्याची सोय असली आणि ड्रायव्हरने ती वापरली, तर आणखी 70 मिलिमीटर कमी होतात आणि चढ एकास साडेपाच होतो. इमारतीच्या कायमच्या रॅम्पला एकास बारा लागतो. बसच्या फळीला थोडी सवलत धरतात, कारण अंतर कमी असतं आणि मागे हात लावायला कंडक्टर असतो. त्यामुळे एकास साडेपाच कसाबसा चालून जातो.

पण थांब्यासमोर वडापच्या गाड्या आणि रिक्षा लागलेल्या असतात. म्हणून बस तीन फूट अलीकडे, रस्त्यातच उभी राहते. फळी आता फुटपाथवर नाही, डांबरावर टेकते. फरक पूर्ण 400 चा होतो आणि चढ एकास अडीच, म्हणजे जवळजवळ 24 अंश. एवढ्या चढावर व्हीलचेअर मागे उलटू शकते. बस तीच, फळी तीच, बिघडलं ते थांब्यापाशी. म्हणून थांब्यासमोरची मोकळी जागा बसच्या खरेदीइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिचं काम वाहतूक पोलिस आणि महापालिका यांच्याकडे येतं.

यावर कुणी म्हणेल, थांब्याचा ओटाच उंच करा. कल्पना चांगली आहे. 250 चा ओटा आणि झुकलेली बस असेल तर फळीचा चढ एकास बाराच्या जवळ जातो. पण मग ओट्यावर चढायला टोकाला तीन मीटर लांबीचा रॅम्प लागतो. तो नसेल तर व्हीलचेअर बसपर्यंत पोचतच नाही.

पिवळ्या टाइल्सबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण ‘आहेतच’ या शब्दात सगळी गंमत आहे. या फरश्या सजावट नाहीत, पायाने आणि पांढऱ्या काठीने वाचायची ती खूण आहे. 1967 मध्ये जपानमधल्या ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. उभ्या पट्ट्यांची फरशी सांगते, ‘या दिशेने चला’. गोल ठिपक्यांची सांगते, ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’: उतार, पायरी, रस्ता किंवा बसचं दार. पिवळा रंग अंशतः दिसणाऱ्यांसाठी असतो, म्हणून तो भोवतालच्या फरशीपेक्षा वेगळा उठून दिसला पाहिजे. पिवळसर फुटपाथवर पिवळी पट्टी टाकली तर त्या माणसाला काहीच दिसणार नाही.

एका फुटपाथवर पट्ट्यांची रांग सरळ वीज मंडळाच्या डीपीच्या पेटीला जाऊन भिडते. ठेकेदाराने पेटीच्या दोन्ही बाजूंनी फरशी कापून बसवली आहे, हात सफाईदार आहे. अंध माणसाला मात्र ही रांग ‘चला, चला’ म्हणत थेट पेटीवर नेऊन आपटवते. आणखी एका ठिकाणी नुसत्या ठिपक्यांच्या फरश्यांनी पन्नास फूट फुटपाथ भरला आहे. सगळीकडे ‘थांबा’ लिहिलं तर माणूस कुठे थांबणार? थांब्यावर ठिपके हवेत ते बसचं पुढचं दार जिथे येतं तिथे, आणि त्या जागेपर्यंत पट्ट्यांची वाट हवी. वाटेच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन फूट मोकळे हवेत, नाहीतर काठीच्या फेऱ्यात पानटपरीचा स्टूल येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. आज कंडक्टर दारातून “मिरज, मिरज” ओरडतो, ती आपली उद्घोषणा व्यवस्था. बंद दाराची, वातानुकूलित, आवाज न करणारी बस आली की ती जाते. बसच्या बाहेरही ऐकू येणारी घोषणा नसेल तर अंध प्रवाशाला नवी बस जुनीपेक्षा अवघड पडेल.

‘जातात किती’ याचं उत्तर लहान आहे. थांब्यापर्यंत पोचताच येत नाही, म्हणून दिसत नाहीत. आणि गुडघ्याचं ऑपरेशन करून मिरजेहून परतणारा म्हातारा ‘व्हीलचेअरवाला’ म्हणून मोजला जात नाही, पण पायरी त्यालाही चढता येत नाही.

राहिलं इंजिनिअरचं काम. रॅम्प मोजायला गवंड्याची पाणसळ आणि एक मीटरची सरळ पट्टी पुरते. पट्टीचं एक टोक रॅम्पवर टेकवा, पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत दुसरं टोक उचला आणि खालची पोकळी मोजा. 83 मिलिमीटरपर्यंत असेल तर रॅम्प एकास बाराच्या आत आहे. 150 निघाली तर दुपटीच्या जवळ चढ. एवढं मोजायला पदवी लागत नाही. सोबत व्हीलचेअर वापरणारा एक आणि पांढरी काठी वापरणारा एक माणूस असू द्या, आणि त्यांना आधी वाट सांगू नका. ते कुठे अडखळतात ते बघा, तिथे खडूने खूण करा, फोटोत टेप दिसू द्या. एक फेरी सकाळी आणि एक संध्याकाळी, बाजार भरल्यावर मारा. पावसाळ्यातली फेरी वेगळी, कारण डबक्याखालची कड तेव्हा दिसत नाही.

नंतरचं काम कागदाचं. फुटपाथ महापालिकेचा, रस्ता बहुधा बांधकाम खात्याचा आणि बस एसटीची किंवा ठेकेदाराची. तिघांना एकच पत्र दिलं तर तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. म्हणून प्रत्येकाला त्याच्याच वाट्याच्या मोजमापाचं वेगळं पत्र द्या. माहिती अधिकारात त्या कामाचा कार्यादेश, नकाशा आणि मोजमाप पुस्तक मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. कायद्यात प्रत्यक्ष कामाची पाहणी करायचाही हक्क आहे. नकाशात ठिपके जिथे दाखवले आहेत तिथे जागेवर पट्ट्या निघाल्या, तर बिल कशाचं दिलं हा प्रश्न तयार होतो. तरी दाद मिळाली नाही तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 खाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सुगमतेचे निकष नुसते शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करावे लागतील, असं सांगितलं आहे. तक्रारीत त्या निकालाचा उल्लेख करा आणि शेजारी टेपचा फोटो जोडा.