फ्रीज विकायचाय? पिन तयार ठेवा!

जुना फ्रीज ऑनलाइन विकायला काढलात? उत्तम. फोटो टाका, किंमत ८,००० लिहा आणि खाली ‘म्हापशातून येऊन न्यावा’ असं बजावून ठेवा. तेवढंच सोडून बाकी सगळं वाचलेलं गिऱ्हाईक लगेच फोन करील. या आठवड्यात आमच्याकडे तेच चाललंय.

हे गिऱ्हाईक लष्करात असतं. बदली वास्कोला झालेली असते, सामान न्यायला गाडी येणार असते. दार नीट लागतं का, कॉम्प्रेसर कधी बदलला, काही विचारत नाही. घासाघीसही नाही! आपल्याकडे शहाळं घेतानासुद्धा दोन रुपये पाडून मागतात. पण इतक्या सज्जन माणसावर संशय घेणं बरं दिसत नाही. ओळखपत्राचा फोटो पाठवील, तो जपून ठेवा. तो बहुधा याआधी फसलेल्या कुणाचा तरी असतो.

मग पैसे. आधी तो पाच रुपये पाठवील. खरेखुरे. ते आले की तुमचा विश्वास बसतो. पाच रुपयांत इतकी स्वस्त गोष्ट दुसरी मिळत नाही. पाठोपाठ येतो क्यूआर: “साब, स्कॅन करो, आठ हजार आ जायेगा.” जरूर करा. त्या चौकोनात एवढंच लिहिलेलं असतं:

```
upi://pay?pa=abc@xyz&pn=RECEIVE&am=8000&cu=INR
```

pay म्हणजे द्या. pa हा पैसे जिथे जाणार तो पत्ता, am ही रक्कम. pn हे नाव, आणि क्यूआर बनवणारा तिथे हवं ते टाइप करतो. ‘RECEIVE’ लिहिल्याने पैशांची दिशा बदलत नाही. पाटीवर ‘म्हापसा’ लिहून बस मडगावलाच जाते, तसं. आणि तरीही पिन टाकायच्या पडद्यावर रक्कम आणि पैसे कुणाला जाताहेत ते दिसत असताना आपण चार किंवा सहा आकडे दाबतो! का? तर फोनवर तो बोलत राहतो, “जल्दी करो, टाइम आउट हो जायेगा,” आणि आपल्याला त्याचा खोळंबा होऊ द्यायचा नसतो. पैसे गेले की तो म्हणतो, “गलती से कट गया, रिफंडवाला कोड भेजता हूँ.” दुसऱ्या कोडवर पुन्हा ८,०००. आता फ्रीज जागेवर आणि १६,००० गायब. विकणारे तुम्ही, क्यूआर तुमचा असायला हवा, स्कॅन त्याने करायचं. मासळीबाजारात बांगडे विकणारी बाई गिऱ्हाइकाचा क्यूआर स्कॅन करते का कधी?

पूर्वी यासाठी ‘रिक्वेस्ट’ यायची. व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवणं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालं. व्यापारी खात्यांना ती सोय अजून आहे, त्यामुळे चोरांनी फार वाईट वाटून घेऊ नये.

समोर उभं राहून स्क्रीनशॉट दाखवणाऱ्यालाही निराश करू नका. हिरवी खूण, टिंगटिंग आवाज, बारा आकडी यूटीआर, सगळं खोट्या ॲपमध्ये असतं.

एसएमएस आला तर तो कुठल्या नंबरवरून आला ते बघू नका. बँकेचा संदेश दहा आकडी मोबाइलवरून येत नाही, हे कळून मजा जाते.

त्यातही रंगतदार प्रकार म्हणजे जादा पैसे. संदेशात ८०,००० जमा. लगेच रडका फोन: एक शून्य चुकून जास्त पडलं, आईचं ऑपरेशन आहे, ७२,००० परत करा. संदेश खोटा असतो, तुमचे ७२,००० खरे असतात.

आणि समजा पैसे खरोखर जमा झाले, तरी स्वतःहून दुसऱ्या खात्यावर पाठवू नका. ते तिसऱ्याच कुणाला लुबाडून आणलेले असू शकतात. त्याने तक्रार केली की माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि खातं गोठतं. परत हवे असतील तर पाठवणाऱ्याने त्याच्या बँकेत तक्रार करावी. तुम्ही तुमच्या बँकेला लेखी कळवा.

आता पुरे झाली थट्टा. शिकलेली माणसं आहोत ना आपण? पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन लागतो तो पैसे देताना आणि शिल्लक बघताना. हे दर वेळी सांगायचं आणि तुम्ही दर वेळी “पण तो फौजी होता हो” म्हणायचं! फौजी असो वा सरपंच, त्याचा स्क्रीनशॉट बघू नका. फोन ठेवा, स्वतः बँकेचं ॲप उघडा, खात्याच्या नोंदींत रक्कम आणि वेळ बघा. नोंद नसेल तर फ्रीज घराबाहेर काढू नका, ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणाला तरी. खरा गिऱ्हाईक थांबतो.

आणि गेलेच पैसे, तर लाज वाटून गप्प बसू नका. त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा, मग बँकेला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते अडवता आले तरच हाती लागतात. तुम्ही मात्र आधी त्या चोरालाच पुन्हा फोन लावत बसता, “भाईसाब, पैसे कब आयेंगे?”