यादी कशाला? माणसं चांगली आहेत!

जुना फ्लॅट घ्यायला निघाला आहात ना? मग एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. घरात काय राहणार आणि काय जाणार याची यादी मागायची नाही. यादी संशयी माणसं मागतात आणि तुम्ही तर चार घरांत नाव असलेले. तुम्ही फ्लॅट बघायला जाता, काकू चहासोबत चकल्या देतात आणि काका घरभर हात फिरवून म्हणतात, "हे सगळं इथंच राहणार हो. आम्ही मुलाकडे बंगळुरूला चाललोय, हे नेऊन करायचंय काय?" या वाक्यानंतर वही-पेन काढणं म्हणजे चकलीचा अपमान.

वकिलाने फारच टुमणं लावलं तर साठेखतात "फर्निचर व फिटिंगसह" एवढे तीन शब्द घाला. मोठे गुणी शब्द आहेत. तुम्ही वाचता तेव्हा त्यांत चिमणी, हॉब, दोन एसी, गीझर आणि पडद्यांचे रॉडसुद्धा दिसतात. काका वाचतात तेव्हा त्यांना नळ आणि दिव्यांची बटणं दिसतात. दोघंही खूश, सह्या झटपट.

आणि भांडण झालंच तर कायदा आहे की! १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ८. घर विकलं की, उलट काही ठरलेलं नसेल तर, त्याबरोबर कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी केलेल्या इतर वस्तू घेणाऱ्याकडे जातात. खिडकीचे गज मिळाले म्हणजे अर्धी चिंता मिटली. राहता राहिला एसी. तो घराच्या कायमच्या वापरासाठी होता की काकांना उकडत होतं म्हणून? भिंतीत अंगचे बनवलेले वॉर्डरोब असले तर तुमची बाजू भक्कम. चार स्क्रूंवर लटकणाऱ्या एसीबद्दल मात्र दोन वकील दोन मतं देतील आणि दोघांची फी मिळून नवा एसी येईल. तरीही यादी करू नका. कलम ८ आहे ना.

आम्ही कोथरूडचा आमचा फ्लॅट असाच, विश्वासावर घेतला. किल्ल्या हातात आल्या, दार उघडलं. हॉलच्या भिंतीवर एसी होता! जीव भांड्यात पडला. मग ड्राय बाल्कनीत गेलो, तर बाहेरचं युनिट नाही आणि तांब्याचा पाइपही नाही, नुसतं भिंतीतलं भोक. फोन केला तर काका दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "एसी ठेवतो म्हणालो होतो, ठेवलाय की." ओट्यावर हॉबच्या जागी ग्रॅनाइटला चौकोनी खिडकी पडलेली, त्यातून खालचं ट्रॉलीचं कपाट दिसत होतं. बाथरूममध्ये गीझर होता, फक्त तो आता सहा लिटरचा झाला होता. त्याच्यामागे भिंतीवर पंचवीस लिटरच्या गीझरची फिकट सावली तेवढी उरली होती. हॉलमध्ये झोपाळ्याचे हूक मात्र चारही शाबूत. ते स्लॅबमध्ये असल्यामुळे कलम ८ खाली आम्हाला मिळाले.

आता माझ्या मेव्हण्याचं बघा आणि त्याच्यासारखं अजिबात करू नका. हा गृहस्थ टोकनचा चेक द्यायच्या आधी काकांच्या जुळ्या भावासारख्या दिसणाऱ्या एका विक्रेत्याच्या घरी वही घेऊन गेला. खोलीवार लिहीत सुटला. "एसी १" एवढं लिहून त्याचं भागेना. स्प्लिट एसी, दीड टन, आतलं युनिट, बाहेरचं युनिट, कॉपर पाइप, स्टॅबिलायझर, रिमोट, चालू स्थितीत. कंपनी आणि मॉडेल लिहून झाल्यावर स्टिकरवरचा सीरियल नंबरही उतरवला. गीझरचा नंबर बुडाशी होता, म्हणून सभ्य माणसासारखा दिसणारा तो मनुष्य बाथरूमच्या फरशीवर उताणा झाला. काकू दारातून बघत होत्या.

एवढ्यावर थांबावं ना? नाही. त्याने "राहणार" आणि "नेणार" अशा दोन याद्या केल्या आणि नेणार असलेला टीव्हीचा स्टँड काढल्यावर भिंतीची भोकं कोण बुजवणार तेही लिहिलं. प्रत्येक वस्तूचा फोटो घेतला, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घेतल्या, ते सगळं साठेखताला परिशिष्ट म्हणून जोडलं आणि "हे परिशिष्ट कराराचा भाग आहे" असं वाक्य वकिलाकडून करारातही घालून घेतलं. शिवाय बँकेचा हप्ता बँकेच्या वेळेवर गेला तरी स्वतःच्या हिश्शातले पन्नास हजार किल्ल्यांच्या दिवसापर्यंत हातात ठेवले. तेही करारात लिहून. त्या दिवशी अर्धा तास एसी चालवला, गीझर तापवला, नंबर ताडले. गीझरचा नंबर जुळेना. विक्रेते म्हणाले, "अरेच्चा, प्लंबरने बदलला वाटतं." संध्याकाळपर्यंत मूळ गीझर परत भिंतीवर. इतका कोरडा व्यवहार करून संबंध कायमचे बिघडायला हवे होते, पण मेले अजून दिवाळीला एकमेकांकडे फराळ पाठवतात.

यादीचा कंटाळा असलेले हेच विक्रेते एका प्रसंगी मात्र तिचा ध्यास घेतात. ८२ लाखांच्या व्यवहारात ते सुचवतात, "करार ७७ चा करू. पाच लाखांचा फर्निचरचा वेगळा कागद. तुमचेच पैसे वाचतील." लगेच हो म्हणा! पुण्यात मुद्रांक ७ टक्के धरला तर पाच लाखांवर ३५ हजार सुटले. बँक कराराच्या रकमेच्या ८० टक्के देणार असेल, तर कर्ज ६५.६ लाखांवरून ६१.६ लाखांवर येईल आणि ते चार लाख तुम्हाला खिशातून भरावे लागतील, पण ३५ हजार वाचले ना! शिवाय रेडी रेकनरचा भाव ७७ लाखांच्या वर निघाला, तर मुद्रांक त्या भावावरच लागतो. त्या कागदाला जोडलेली यादी मात्र संग्रही ठेवण्याजोगी असते. तीन माणसं बसली की मधला खाली जातो असा सोफा: एक लाख वीस हजार. देवघर, सागवानी: साठ हजार. वस्तू ओळखू येईल असं वर्णन एकीचंही नाही, किमती मात्र सगळ्यांच्या. तो सोफा ताबा मिळताना जागेवर असेलच असं समजू नका. असला तर तो तुम्हीच काढायचा आहे, लिफ्टमध्ये मावत नाही.

त्यावरून आठवलं. यादी नसल्याचा एक फायदा सांगायचा राहिला. न मागितलेलंही मिळतं. आमच्या माळ्यावर एक गंजका कूलर, थर्माकोलची तीन मखरं, तळ गेलेली पत्र्याची कोठी आणि नव्वदच्या दशकातले दिवाळी अंक निघाले. "नेणार"ची यादी नव्हती, त्यामुळे हे नेणं कुणाचंच काम नव्हतं. शेवटी मीच टेम्पो ठरवला. सामान जिन्यातून अर्ध्यात आलं होतं, तेवढ्यात बंगळुरूहून फोन.

"माळ्यावरचा कूलर तेवढा जपून ठेवा हं. तो आमचा आहे. पुढच्या खेपेला नेऊ."