राघू म्हणजे पोपट नव्हे

“जुन्या ओव्या, भोंडल्याची गाणी, सगळं आता चॅटबॉटला तोंडपाठ आहे. पहिली ओळ टाका, पूर्ण गाणं मिळतं, अर्थ मिळतो, कुठल्या भागातलं तेही कळतं. आजीच्या मागे वही घेऊन बसायचे दिवस संपले.”

हे मला आठवड्यात चौघांनी पाठवलं. म्हणून रविवारी दुपारी वही आणि फोन दोन्ही घेऊन आजीजवळ बसले.

भोंडल्यापुरतं बोलायचं तर ते बरंचसं खरं निघालं. ‘ऐलमा पैलमा’ जवळपास बिनचूक आलं. आजीने दोनच शब्द बदलून सांगितले, तेही तिच्या माहेरी वेगळे म्हणत म्हणून. ही गाणी कितीतरी पुस्तिकांतून छापून आली आहेत, तेव्हा यंत्राला ती येणारच. खरी परीक्षा, जे कधी छापलंच गेलं नाही त्याची.

ती आजीनेच घेतली. तिने मला एक ओळ सांगितली: ‘राघू निघाला रानात, मागं वळून पाहीना.’ पुढची मुद्दाम सांगितली नाही. मी ओळ टाकली आणि ही जुनी ओवी पुरी करून हवी असं लिहिलं. क्षणात आठ ओळी आल्या: चार-चारची दोन कडवी, सगळं यमक गुळगुळीत, शेवटी पहाटेचा वारा, आणि वर ‘पारंपरिक’ असा शेरा. मी वाचून दाखवलं.

“जुळवलंय चांगलं,” आजी म्हणाली. “पण ही ओवी माझीच आहे. तुझा बाप पहिल्यांदा एकटा गुरं घेऊन गेला, तेव्हा दळताना सुचली. कुणाला सांगितली नव्हती मी.”

मग तिने खरी दुसरी ओळ सांगितली: ‘बाई उंबऱ्याच्या आत, जीव माझा राहीना.’ संपली ओवी. जात्यावरची ओवी बहुतेक वेळा अशी दोन ओळींतच पुरी होते. पुढची ओवी वेगळी असते. ती राघूवरून भावाकडे जाईल नाहीतर विठ्ठलाकडे, ते दळणारीच्या मनावर. गाण्यासारखी कडवी पाडलेली दिसली, की तिथेच शंका घ्यावी. दुसरी खूण त्याहून सोपी: तीच ओळ नवीन संभाषण उघडून पुन्हा विचारा. मी तीनदा विचारली. तिन्ही वेळा पुढचं वेगळं आलं, आणि तिन्ही वेळा ते ‘पारंपरिक’च होतं. तोंडी गाण्याला पाठभेद असतात हे खरं, पण पाठभेदामागे कुणीतरी म्हणणारी बाई असते.

अर्थाला तर आजी हसलीच. त्या आठ ओळींखाली खुलासा होता की हे निसर्गगीत आहे आणि पोपट हे स्वातंत्र्याचं प्रतीक आहे. ओवीत राघू म्हणजे मुलगा. मैना म्हणजे लेक, बया म्हणजे आई. हा साधा संकेत आहे, कोणत्याही दळणारीला ठाऊक असलेला. तो कळला नाही, तर आईचा उंबऱ्याशी अडकलेला जीव जातो आणि उरतो फांदीवरचा पक्षी. खरं सांगायचं तर ‘राघू म्हणजे मुलगा ना?’ असं विचारल्यावर चॅटबॉटने लगेच चूक मान्य केली. पण मग मी ‘राघू म्हणजे सासरा ना?’ असंही विचारून बघितलं. तेही मान्य झालं.

भागाचं थोडक्यात. तीन वेळांत ही ओवी एकदा विदर्भाची, एकदा कोकणाची आणि एकदा देशावरची निघाली. भाग ठरतो तो ओवी कुणाच्या तोंडून, कुठल्या गावात टिपली यावरून. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या कामातून लाखावर ओव्या जमल्या, हजाराहून जास्त गावांतल्या. तो संग्रह इंटरनेटवर खुला आहे. कुठली ओवी ‘जुनी’ म्हणून समोर आली तर आधी तिथे शोधावी. अर्थात तिथे सापडली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. आजीची तिथे नाहीच.

राहिली वही. वहीतसुद्धा दोन ओळीच येतात, आणि तिथे मीही चुकत होते. आजी म्हणाली, नुसतं लिहू नको, आधी ऐक. मी फोन रेकॉर्डिंगला लावला. आजीचं नाव, माहेरचं गाव, ओवी कधी सुचली, एवढं आधी बोलून घेतलं. तिने पहिली ओळ दोनदा घेतली, मधेच ‘गं बाई’ घातलं, ‘पाहीना’ लांबवलं आणि थांबली.

“दुसरी तू धर,” म्हणाली. “जात्यावर एकटी कोण म्हणतं?”