महाग म्हणजे ‘ए’ नव्हे

“साठ्याची एबीसी वर्गवारी सोपी आहे. स्टोअरमधल्या सगळ्यात महाग वस्तू ए, मधल्या बी, स्वस्त सी. ए कुलपात ठेवून रोज मोजा. सी-कडे बघायची गरजच नाही.”

असं सर्रास सांगितलं जातं. पण महाग ते ए आणि सी-कडे बघायचं नाही, या दोन्ही गोष्टी चूक आहेत. वाळूजच्या कारखान्यात स्टोअर सांभाळताना पहिल्या चुकीची किंमत मी मोजली आहे, म्हणून आधी तिच्यावर बोलतो.

नुसत्या दरावर वर्ग पाडायच्या पद्धतीला एचएमएल म्हणतात. एबीसीत बघायचं ते वर्षभराचा वापर गुणिले दर. आमच्याकडे 48 हजारांचा सर्वो ड्राइव्ह कुलपात होता. दोन वर्षांत एक लागला, म्हणजे वर्षाला 24 हजार. कपाट उघडून तो मी रोज मोजायचो. तिकडे 110 रुपये किलोची वेल्डिंग वायर दाराजवळ उघडी. 15 किलोची दोन रिळं रोज, 300 दिवस: 9,000 किलो, म्हणजे 9 लाख 90 हजार. कापडी हातमोजे तर 15 रुपयांना जोडी. गोणीत हात घालून ज्याला लागतील तेवढे तो न्यायचा, सही नाही की नोंद नाही. रोजच्या 100 जोड्या धरल्या तर वर्षाचे साडेचार लाख! यादी उतरत्या क्रमाने लावून बेरीज चढवत नेली, तेव्हा वायर आणि मोजे वर गेले, ड्राइव्ह पार खाली.

ए-वर लक्ष ठेवायचं म्हणजे नुसतं मोजायचं नाही. वायर आम्ही महिन्याला मागवायचो, ती आठवड्याला मागवू लागलो. राखीव साठा तेवढाच ठेवला, पण त्यावरचा सरासरी साठा 41 हजारांवरून 10 हजारांच्या आसपास आला. पण वर्षाला 1,200 रुपयांचे वॉशर एकदम घेण्याऐवजी महिन्याला मागवले तर जेमतेम साडेपाचशे रुपये मोकळे होतात आणि त्यासाठी अकरा जादा पीओ म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, अकरा जादा जीआरएन म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदी लिहाव्या लागतात. म्हणून वॉशर वर्षाचे एकदम घ्या.

आता सी-कडे न बघण्याचं. हायड्रॉलिक प्रेसचं 80 रुपयांचं सील संपलं तर प्रेस उभी राहते. यादीत ते सी आहे म्हणून काही ती चालत नाही. सी-मध्ये पैसा कमी अडकतो, म्हणूनच तिथे साठा सढळ ठेवायचा. दोन डबे करा. पहिला रिकामा झाला की ऑर्डर, तोवर दुसरा पुरतो. रोज मोजायची गरज नाही, पण डबा रिकामा झालेला कुणाला तरी दिसायला हवा.

एखादी वस्तू नसेल तर काय अडतं, हे एबीसी सांगतच नाही. त्यासाठी व्हीईडी, म्हणजे व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल अशी वर्गवारी वेगळी लावावी लागते. सील आणि तो ड्राइव्ह, दोघांच्याही बिन कार्डावर आम्ही लाल ‘व्ही’ काढला आहे. ड्राइव्ह अजून कपाटातच आहे, फक्त त्याची मोजणी आता तीन महिन्यांतून एकदा होते आणि हातमोज्यांना सही लागते.