टक्के कशावर, ते आधी बघा

"कर्जाच्या कराराच्या सारांशात प्रीपेमेंटला २ टक्के चार्ज लिहिलाय, म्हणजे नेमके किती जाणार?"

ते २ टक्के कशावर, यावर सगळं आहे. समजा मुद्दल १० लाख बाकी आहे आणि तुम्ही मुदतीआधीच २ लाख भरताय. चार्ज भरलेल्या रकमेवर असेल तर ४ हजार, शिल्लक मुद्दलावर असेल तर तब्बल २० हजार! सारांशात हा तपशील पुष्कळदा गाळलेला असतो, म्हणून मूळ करारातलं कलम वाचाच. हप्ता चुकल्याच्या कलमातही तेच बघा: दंड चुकलेल्या हप्त्यावर की संपूर्ण बाकीवर? किती हप्ते चुकले की सगळं कर्ज एकदम मागता येतं, तेही तिथेच सापडेल. आणि व्याज 'फिक्स्ड' असलं तरी शेजारी रीसेटची तारीख असेल, तर दर त्या तारखेपर्यंतच पक्का.